तिशीचा रिपोर्ट कोणत्या रेषेशी ताडायचा?

रक्तातील क्रिएटिनिन हा मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक. समजा, दोन रुग्णांच्या रिपोर्टवर तो आकडा १.० असा आला आहे. पहिला तिशीतला धिप्पाड हमाल, त्याचा आकडा गेली पाच वर्षे तेवढाच आहे. दुसरी सत्तरीची किरकोळ अंगाची आजी, तिचा गेल्या महिन्यात ०.५ होता. दोन्ही आकडे प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेत बसतात, कुठेही लाल खूण नाही. तरीही हमालाला आम्ही घरी पाठवतो आणि आजीला दाखल करून घेतो, कारण तिच्या मूत्रपिंडाचे काम महिन्याभरात जवळपास निम्म्यावर आलेले असू शकते. छापील मर्यादा हजारो लोकांच्या मोजमापांतून तयार होते. रुग्णाचे काय चालले आहे, हे मात्र त्याच्याच जुन्या रिपोर्टवरून कळते.

हे आठवायचे कारण म्हणजे ओपीडीत येणारे तिशीच्या आसपासचे तरुण. छातीत धडधड, पहाटे तीनला जाग, कामात लक्ष न लागणे अशा तक्रारी असतात. तपासण्यांत काही सापडत नाही. थोडे बोलते केले की वाक्य येते, ‘डॉक्टर, बरोबरचे सगळे पुढे गेले, मीच मागे राहिलो.’

शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ बर्निस न्यूगार्टन यांनी १९६०च्या दशकात ‘सामाजिक घड्याळ’ ही कल्पना मांडली. शिक्षण, नोकरी, लग्न, मुले हे कोणत्या वयात व्हावे याचे एक अलिखित वेळापत्रक प्रत्येक समाजात असते आणि आपण वेळेवर आहोत की उशिरा, हे माणूस त्यावरून ठरवतो. आपल्याकडे ते वेळापत्रक साखरपुड्याच्या पंगतीत आणि वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचून दाखवले जाते. ही छापील मर्यादा झाली. तिचा उपयोग नाही असे नाही, पण तेवढ्यावर निदान करणे चूक.

एक उदाहरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तीस वर्षांचा कृषी पदवीधर. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला. दोन वर्षांपूर्वी वडिलांना पक्षाघात झाला म्हणून गावी परतला आणि आता खते-बियाण्यांचे दुकान बघतो. चार महिन्यांपासून धडधड आणि निद्रानाश. ईसीजी, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड सगळे ठीक. या तपासण्या करणे गरजेचेच होते. थायरॉईड वाढले किंवा रक्त कमी झाले तरी धडधड होते आणि ती ‘टेन्शन’च्या नावावर खपून जाते.

त्रास वाढतो कधी, असे विचारल्यावर त्याने फोन पुढे केला. कॉलेजच्या ग्रुपवर साठ जण होते. वर्षभरात स्वतःची आनंदाची बातमी किती जणांनी टाकली, ते आम्ही मोजले. अकरा. उरलेले एकोणपन्नास गप्प होते आणि त्यांच्याविषयी त्याला काहीच ठाऊक नव्हते. शिवाय तो कोणा एकाशी तुलना करत नव्हता. एकाची नोकरी, दुसऱ्याचा फ्लॅट, तिसऱ्याचे लग्न आणि चौथ्याची गाडी जोडून जो माणूस तयार होत होता, त्याच्याशी करत होता. असा माणूस त्या ग्रुपवर नव्हता.

मग केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याचे स्वतःचे जुने रिपोर्ट लिहिले. दोन वर्षांपूर्वी वडील अंथरुणाला खिळलेले, आज काठी घेऊन पारापर्यंत जातात. उपचारासाठीचे कर्ज तेव्हा दोन लाख चाळीस हजार, आज नव्वद हजार. दुकानातला हिशेब तेव्हा दुसऱ्याच्या हातात, आज त्याच्या. चौथी ओळ परीक्षेची. तिथे दोन वर्षांत काहीच हलले नव्हते. त्याने एकदाही फॉर्म भरला नव्हता, पण घरी आणि मित्रांत ‘तयारी चालू आहे’ असेच सांगत होता.

माझ्या मते खरे दुखणे या चौथ्या ओळीत होते. स्वतःच्या गतीने चाला, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तो अर्धाच आहे. स्वतःच्या जुन्या मोजमापाशी तुलना करायची तर जी रेषा सपाट पडली आहे तीही दिसली पाहिजे. बालरोगतज्ज्ञ मुलाच्या वाढीचा तक्ता असाच वाचतात. मूल सरासरीपेक्षा लहान असले, पण आपल्या रेषेवर सातत्याने वाढत असले, तर सहसा काळजी नसते. वाढता वाढता रेषा सपाट झाली, तर मात्र कारण शोधावे लागते. या तरुणाला मित्रांचा फ्लॅट टोचत होता, कारण त्याने परीक्षा सोडलीही नव्हती आणि धरलीही नव्हती.

इथे दुसरी गोष्ट तपासावी लागते. काही मुदती समाजाने लावलेल्या असतात, काही खऱ्या असतात. राज्यसेवा परीक्षेला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा ३८ वर्षे आहे, म्हणजे तिसाव्या वर्षी दार बंद झालेले नाही. स्त्रीची प्रजननक्षमता पस्तिशीनंतर स्पष्टपणे घटते. मूल हवे असेल तर ही मुदत ‘माझा वेग वेगळा’ म्हणून पुढे ढकलता येत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांशी वेळेत बोलावे. वडिलांच्या कर्जाच्या हप्त्यालाही तारीख असते. ‘तिशीत घर झालेच पाहिजे’ याला मात्र शरीरात किंवा कायद्यात कुठेही आधार नाही. खऱ्या मुदती वेगळ्या कागदावर लिहिल्या की बहुधा दोन-तीनच निघतात.

त्या तरुणाने पुढची पूर्वपरीक्षा शेवटची म्हणून द्यायची आणि तोवर दुकान चालवायचे, असे ठरवले. घरीही तसे सांगितले. सहा आठवड्यांनी आला तेव्हा झोप बरीच सुधारली होती. ग्रुपवर कोणाचे पेढे दिसले की धडधड अजून होते, पण थोड्या वेळात ओसरते. कागद त्याने जपून ठेवला आहे. तो सहा महिन्यांनी पुन्हा भरायचा, रोज नाही. रोज मोजले तर चढउतारच दिसतात, दिशा कळत नाही.

प्रत्येकाचे दुखणे एवढ्यावर थांबत नाही. तुलनेचे दुःख बातमीबरोबर येते आणि जाते. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक वेळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत किंवा जगू नये असे वाटत असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर कागद-पेन पुरत नाही, उपचार लागतात. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूही नये. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.

तिसाव्या वर्षाचा वैद्यकीय अर्थ एकच आहे. रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोगांच्या सरकारी तपासणी मोहिमेत तिशीपासूनचे लोक घेतले जातात. तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर मोजून घ्या व कागद जपून ठेवा. चाळिशीत तुमचा डॉक्टर पुढचा आकडा त्याच्याशीच ताडून बघेल.