‘कधीतरी’ घेणाऱ्यांचा समाज

मधुमेहाच्या ओपीडीत डॉक्टर विचारतात, “काही घेता का?” शेजारी बायको बसलेली असते, मागे मुलगा उभा असतो. पेशंट म्हणतो, “कधीतरी. कार्यक्रमाला.” बायको जमिनीकडे बघते. डॉक्टर केसपेपरवर ‘ऑकेजनल’ लिहितात आणि पुढच्या नंबराला हाक मारतात. हे ‘कधीतरी’ आठवड्यातून चारदा असतं हे घरातल्या दोघांना पक्कं ठाऊक असतं आणि डॉक्टरांना त्याचा अंदाज असतो. तरीही कुणी काही बोलत नाही. त्यानंतर डॉक्टरांनी लिहिलेली गोळी बहुधा मेटफॉर्मिनच असते.

मेटफॉर्मिन वाईट नाही, हे आधी स्वच्छ सांगून टाकतो. टाइप टू मधुमेहावर इतकं स्वस्त, इतकं जुनं आणि इतकं भरवशाचं औषध दुसरं क्वचितच असेल. त्याचं भावंड फेनफॉर्मिन मात्र घातक ठरलं. त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं मरू लागली, म्हणून १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेसह अनेक देशांनी ते बाजारातून काढलं. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका फार कमी आहे. लाख रुग्णांमागे वर्षाला जेमतेम काही जणांना तो गाठतो. पण ज्यांना गाठतो, त्यांच्यातले बरेच जण परत येत नाहीत. आणि या थोड्यांच्या रांगेत दारू आपल्या माणसांना पुढे ढकलते.

हे कसं घडतं, ते समजायला अवघड नाही. शरीरात लॅक्टिक आम्ल सतत तयार होत असतं. यकृत ते उचलतं आणि त्याची पुन्हा साखर करतं. मेटफॉर्मिन यकृताचं नेमकं हेच साखर बनवण्याचं काम मंद करतं; मधुमेहावरचा त्याचा मोठा गुण तोच. दारूही जिरवावी लागते यकृतालाच, आणि ती जिरवताना पेशीतलं रसायन असं फिरतं की ज्याची साखर व्हायची त्याचंही लॅक्टिक आम्लच होतं. म्हणजे दोघं मिळून एकच दार बंद करतात. तरी मूत्रपिंडं धडधाकट असली तर बहुतेक वेळा निभावतं, कारण मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, ते जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं. मूत्रपिंडं बसली की तोही रस्ता संपतो.

आता आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात शोभेल असा एक माणूस घ्या. अनेकांवरून जुळवलेला आहे, कुणा एकाचा नाही. वय ५८. सकाळ-संध्याकाळ एकेक हजार मिलिग्रॅम मेटफॉर्मिन, शिवाय रक्तदाबाची टेल्मिसार्टन. तीन महिन्यांपूर्वीचं क्रिएटिनिन १.२. गटारीच्या निमित्ताने मंडळी शनिवारी बसली ती रविवारी रात्रीच उठली. याने बिअर टाळली, कारण ‘शुगरवाल्याला बिअर नको, व्हिस्कीत साखर नसते’ हे ज्ञान आपल्याकडे प्रत्येक टेबलावर फुकट मिळतं. चकण्याशिवाय पोटात काही गेलं नाही. सोमवारी उलट्या सुरू झाल्या. अंग दुखायला लागलं, म्हणून मुलाने मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणली. दुकानदाराने ना चिठ्ठी मागितली, ना शुगर-बीपीची चौकशी केली. आणि बायकोने नेमाने, काळजीने, घोटभर पाण्याबरोबर शुगरची आणि बीपीची गोळी दिली. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं ना, एकही गोळी चुकवायची नाही!

अंगातलं पाणी आटलेलं, त्यावर टेल्मिसार्टन आणि वर डायक्लोफेनॅक. या तिघांनी मूत्रपिंडं बसवली. लघवी थांबत आली, मेटफॉर्मिन आत साचत गेलं आणि रोज त्यात भर पडत राहिली. ज्या दिवशी उलट्या-जुलाब चालू आहेत, खाणं-पिणं टिकत नाही, त्या दिवशी मेटफॉर्मिन बंद ठेवायचं, डॉक्टरांना फोन करायचा आणि बीपीच्या गोळीचंही विचारून घ्यायचं. एवढं साधं वाक्य त्या माउलीला कुणी सांगितलेलं नव्हतं. स्ट्रिपमागची सूचना इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. आपण तिला सेवा शिकवली, प्रश्न विचारायला शिकवलं नाही.

मंगळवारी तो गुंगीत गेला. घरचे म्हणाले, “उतरली नाही अजून, झोपू द्या.” माझा राग खरा इथे आहे. दारूने गुंगलेल्या माणसाचा श्वास संथ असतो, बहुधा घोरण्यासारखा. याचा श्वास धावत आल्यासारखा जोरजोरात, खोल चालला होता. रक्तातलं आम्ल बाहेर टाकायची ती शरीराची धडपड असते. जोडीला पोटात कळा आणि हातपाय गार. बघायला चार माणसं घरात होती, पण ‘पिऊन पडलाय’ हा शिक्का एकदा बसला की आपले डोळे काम करायचे थांबतात. शेजाऱ्याने ग्लुकोमीटर लावला, १०४ आली. “शुगर तर नॉर्मल आहे!” म्हणून सगळे निर्धास्त झाले. या आजारात साखर नॉर्मल असू शकते, हाच तर त्याचा कावा आहे. (सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उलट साखर भलतीच उतरून बेशुद्धी येते, आणि तीही दारूच्याच खात्यावर मांडली जाते.)

पहिल्या दवाखान्यातही तोंडाच्या वासावरूनच निदान झालं: सलाईन लावा, उतरेल. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी कुणीतरी मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं आणि एबीजी केली. पीएच ६.९५, जे ७.३५च्या खाली उतरायला नको. लॅक्टेट १६, जे २च्या आत हवं. क्रिएटिनिन ६. त्या रात्री डायलिसिस झालं, म्हणून माणूस वाचला. डायलिसिस आम्लही काढतं आणि साचलेलं मेटफॉर्मिनही. ही तपासणी एक दिवस आधी झाली असती तर कदाचित इतकं लागलंही नसतं.

अशी गोष्ट ऐकून काही शहाणे दुसरं टोक गाठतात. “आज बसायचंय, म्हणजे आज गोळी नाही.” सकाळची गोळी अंगात असतेच, आणि दारू चालूच राहते; चुकतात ते फक्त उपचार. ज्याची मूत्रपिंडं आधीच थकलेली आहेत, म्हणजे रिपोर्टवर ईजीएफआर ३०च्या खाली आहे, त्याला तर ही गोळी द्यायचीच नसते. पण आपल्याकडे एकदा लिहून दिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षं मेडिकलमध्ये चालते आणि क्रिएटिनिन कुणी करत नाही. ‘किती, आठवड्यातून किती वेळा, उपाशीपोटी का’ हे बायकोला बाहेर बसवून एकट्या पेशंटला विचारायला दोन मिनिटं लागतात. तेवढी सवड आपल्या ओपीडीत नाही, आणि खरं सांगण्याइतकी हिंमत आपल्या पुरुषांत नाही.

आणि डिस्चार्जच्या दिवशी काय होतं? मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवतो, “कार्डावर दारूचं लिहू नका सर, मेडिक्लेम नाकारतील.” भीती खोटी नाही, विमा कंपन्या अशा कारणांवर बोट ठेवतात. डॉक्टरांना दया येते. कार्डावर ‘गॅस्ट्रो, त्यातून मूत्रपिंडाला इजा’ एवढंच उरतं. दीड महिन्याने क्रिएटिनिन पुन्हा १.३ वर येतं. गावातला नवा डॉक्टर ते कार्ड वाचतो, साखर २४० बघतो आणि त्याच्या हातातल्या कागदानुसार अगदी बरोबर निर्णय घेतो: मेटफॉर्मिन, एक हजार, दोनदा.