विश्लेषण : शिष्यवृत्तीची रक्कम २६एएसमध्ये ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून का दिसते? त्यावर कर भरावा लागतो का?

आयटी कंपनीतली नोकरी सप्टेंबरअखेर सोडून ऑक्टोबरपासून पीएच.डी.ला लागलेल्या एका संशोधक विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. त्याला दरमहा ३७,००० रुपयांची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळते. मात्र बँकेत ३३,३०० रुपयेच जमा होतात. विवरणपत्र भरण्यासाठी तो प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर जातो, तेव्हा फॉर्म २६एएसमध्ये विद्यापीठाच्या नावापुढे 194J हे कलम, २,२२,००० रुपयांची रक्कम आणि २२,२०० रुपयांचा टीडीएस दिसतो. वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, हीच रक्कम व्यावसायिक किंवा तांत्रिक सेवांचे शुल्क म्हणून नोंदलेली असते. प्रयोगशाळेत बसून प्रबंध लिहिणारा विद्यार्थी सरकारी कागदावर सल्लागार झालेला असतो.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणते, २६एएसमध्ये आले म्हणजे कर भरावाच लागेल. कुणी म्हणते, शिष्यवृत्ती करमुक्त असते, विवरणपत्रात दाखवूच नकोस. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि दोन्हींची किंमत खिशातून मोजावी लागते.

२६एएस नेमके काय सांगते?

फॉर्म २६एएस हे कर-जमेचे विवरण आहे. तुमच्या पॅनवर कोणी किती कर कापला आणि सरकारजमा केला, याची ती खातेवही. त्यातली माहिती प्राप्तिकर खात्याने तपासून लिहिलेली नसते. पैसे देणारी संस्था दर तिमाहीला टीडीएसचे विवरणपत्र भरते. त्यात पॅन, रक्कम, कापलेला कर आणि कोणत्या कलमाखाली कापला त्याचा सांकेतिक क्रमांक द्यावा लागतो. संस्थेने 194J लिहिले की तुमच्या विवरणात 194J उमटते. पगार म्हणून 192 लिहिले तर 192 दिसते. उत्पन्न करपात्र आहे की नाही, याचा निवाडा त्या ओळीत नसतो.

मुळात विद्यापीठाने कर कापलाच का? कारण कायद्यात जोखीम एकतर्फी आहे. कापायला हवा होता तो कर संस्थेने कापला नाही, तर संस्था कसूरदार ठरते आणि दरमहा १ टक्का व्याजही लागते. नको तिथे कापला तर संस्थेचे काहीच जात नाही, परतावा मागत विद्यार्थी फिरतो. लेखा विभागात पाहुण्या व्याख्यात्यांची, परीक्षकांची आणि अधिछात्रांची बिले बऱ्याचदा एकाच टेबलावरून जातात. तिथे सरसकट १० टक्के कापून मोकळे होणे सोयीचे वाटते.

मग ही रक्कम करमुक्त कशी?

प्राप्तिकर कायदा १९६१ मधील कलम १०(१६) नुसार, शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती एकूण उत्पन्नात धरली जात नाही. तरतूद एका ओळीची आहे आणि तिचे बळ तिच्यात जे लिहिलेले नाही त्यात आहे. रकमेला कमाल मर्यादा नाही. देणारे सरकारच असले पाहिजे अशी अट नाही, खासगी न्यासाची शिष्यवृत्तीही चालते. पैसे कुठे खर्च केले याच्या पावत्या कायदा मागत नाही. महिन्याच्या ३७,००० पैकी ५,००० वाचवून बँकेत ठेवले, तरी ती रक्कम शिष्यवृत्तीच राहते. त्या ठेवीवरचे व्याज मात्र करपात्र आहे.

नव्या करप्रणालीत सवलती जातात म्हणून ही सूटही जाते, असा समज बऱ्याच जणांचा आहे. तो बरोबर नाही. नवी प्रणाली स्वीकारल्यावर ज्या सवलती सोडाव्या लागतात त्यांची यादी कलम ११५बीएसीमध्ये आहे आणि तिच्यात १०(१६) नाही. पुरस्कारांसाठीचे १०(१७ए) हे कलमही तिच्यात नाही. यादीत आहे ते १०(१७), म्हणजे खासदार-आमदारांच्या भत्त्यांचे कलम. एका अक्षरामुळे इथे अनेकांची फसगत होते.

सगळा प्रश्न उरतो तो पैसे कशासाठी मिळाले याचा. शिकण्यासाठी दिलेले पैसे शिष्यवृत्ती ठरतात आणि कामाच्या मोबदल्यात दिलेले पैसे उत्पन्न. यूजीसी, सीएसआयआर, बार्टी किंवा सारथीच्या अधिछात्रवृत्तीच्या पत्रात पीएच.डी.च्या संशोधनासाठी ही रक्कम दिली जात असल्याचे नमूद असते, त्यामुळे तिथे फारशी शंका नसते. पण एखाद्या प्रकल्पावर ‘नियुक्ती’ झाली असेल, पत्रात ‘एकत्रित मानधन’ असा शब्द असेल, भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर नावात ‘फेलो’ असले तरी तो पगारच मानला जाण्याची शक्यता जास्त. कंपनीतील इंटर्नशिपचे विद्यावेतनही सहसा करपात्र. निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनावरून तर प्राप्तिकर न्यायाधिकरणापर्यंत वाद गेले आहेत, तिथे डोळे झाकून सूट घेऊ नये.

फरक किती रुपयांचा?

आपल्या विद्यार्थ्याचा २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा हिशेब मांडू. सहा महिन्यांचा पगार ६,००,००० रुपये. नव्या प्रणालीतील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट केल्यावर ५,२५,००० उरतात. त्या वर्षी ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७एची पूर्ण सवलत होती, म्हणून कर शून्य. अधिछात्रवृत्ती करमुक्त दाखवली तर विद्यापीठाने कापलेले २२,२०० रुपये परत मिळतात. (पगारावरचा टीडीएस इथे बाजूला ठेवला आहे.)

आता २६एएसला घाबरून तीच रक्कम उत्पन्नात मिळवली तर? एकूण ७,४७,००० होतात आणि ७ लाखांची रेषा ओलांडली जाते. कर २४,७००, त्यावर ४ टक्के उपकर धरून २५,६८८ रुपये. कापलेले २२,२०० वजा जाऊनही ३,४८८ रुपये वरून भरायचे. एका चुकीच्या समजापोटी २५,६८८ रुपयांचे नुकसान.

इथे एक ‘हुशार’ सल्ला हमखास मिळतो. 194J आहेच, तर कलम ४४एडीएखाली निम्मी रक्कमच उत्पन्न दाखव आणि मोकळा हो. आकड्यांत ते जमतेही, एकूण ६,३६,००० होऊन कर शून्य येतो. पण तसे करताना तुम्ही व्यवसाय करता असे स्वतःच लिहून देता, आणि पूर्णवेळ संशोधनाच्या अटीवर दिलेल्या अधिछात्रवृत्तीत दुसरा कामधंदा सहसा चालत नाही. कर वाचवायला गेलेला विद्यार्थी अधिछात्रवृत्तीच अडचणीत आणू शकतो.

२०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पूर्ण सवलतीची मर्यादा १२ लाखांवर गेली आहे. त्यामुळे केवळ अधिछात्रवृत्तीवर जगणाऱ्याला कराच्या रकमेत फरक जाणवणार नाही. पण वर्षभराचा टीडीएस ४४,४०० रुपये होतो, आणि तो विवरणपत्र भरल्याशिवाय परत येत नाही.

विवरणपत्रात कसे दाखवायचे?

रक्कम दाखवायची, पण करमुक्त म्हणून. ITR-1 मध्ये करमुक्त उत्पन्नाचा भाग असतो आणि त्याच्या यादीत कलम १०(१६) चा पर्याय दिलेला आहे. ITR-2 मध्ये त्यासाठी Schedule EI आहे. टीडीएसच्या तक्त्यात विद्यापीठाने कापलेला कर मागायचा. ITR-2 च्या तक्त्यात ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली दाखवली हेही विचारतात, तिथे Exempt Income निवडायचे. म्हणजे २६एएसमधले २,२२,००० विवरणपत्रात कुठे गेले, हे यंत्रणेला सापडते.

ते सापडले नाही की घोटाळा होतो. रक्कम कुठेच दाखवली नाही आणि २२,२०० रुपयांचा परतावा मात्र मागितला, तर कलम १३९(९) खाली विवरणपत्र सदोष असल्याची नोटीस येऊ शकते. उत्तरासाठी १५ दिवस मिळतात. त्या मुदतीत काहीच केले नाही तर विवरणपत्र भरलेच नव्हते असे धरले जाऊ शकते.

त्याआधी एआयएसमध्ये त्या नोंदीवर जाऊन `Income is not taxable` हा अभिप्राय नोंदवावा. त्याने करदाता माहिती सारांशातला आकडा बदलतो, २६एएस मात्र तसेच राहते. त्यातले कलम बदलायचे तर विद्यापीठालाच दुरुस्ती विवरणपत्र भरावे लागते. पण वैतागून ‘माझे नावच त्यातून काढा’ असा आग्रह लेखा विभागाकडे धरू नका. ती ओळ गेली तर कापलेल्या कराची जमाही तुमच्या पॅनवरून जाते. ती चुकीच्या कलमाखाली असली, तरी तुमच्या २२,२०० रुपयांची पावती तीच आहे.

पुढच्या वर्षी टीडीएस कापलाच जाऊ नये म्हणून काही जण फॉर्म १५जी देतात. तो 194J साठी चालत नाही. निवड-पत्राची प्रत जोडून, ही रक्कम १०(१६) खाली येते असा अर्ज लेखा विभागाला वर्षाच्या सुरुवातीलाच दिलेला बरा. निवड-पत्र, पीएच.डी. नोंदणीचे पत्र आणि बँकेचा उतारा विवरणपत्राला जोडायचा नसतो, पण विचारणा झाली तर हीच तीन कागदपत्रे कामी येतात.

बक्षिसाच्या रकमेलाही हेच लागू?

नाही. इथे कशासाठी यापेक्षा कोणी दिले हे महत्त्वाचे. कलम १०(१७ए) नुसार केंद्र किंवा राज्य सरकारने लोकहितासाठी सुरू केलेल्या पुरस्काराची रक्कम करमुक्त असते. ‘महाराष्ट्र भूषण’ हा असा पुरस्कार. इतर संस्थांच्या पुरस्कारांना केंद्र सरकारची मान्यता लागते. ऑलिम्पिक पदकविजेत्याला राज्य सरकार देते ते बक्षीसही याच कलमात बसते, कारण त्या प्रयोजनाला केंद्राने मान्यता दिलेली आहे. खासगी संस्थेच्या स्पर्धेत मिळालेल्या रकमेला अशी मान्यता नसेल तर ती करपात्र, मग संस्थेने तिला ‘शिष्यवृत्ती’ म्हटले असले तरी. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत जिंकलेल्या रकमेवर तर थेट ३० टक्के कर लागतो आणि नव्या प्रणालीत त्यात ८७एची सवलतही मिळत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू असल्याने त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. शिष्यवृत्तीची सूट नव्या कायद्यातही आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंत मिळालेल्या रकमेसाठी मात्र विवरणपत्रात १०(१६) हाच क्रमांक शोधायचा.