घोषवाक्य बाजूला ठेवा, महिने आणि मानधन वाचा

फेलोशिपचे अर्ज भरणारी मुलं आता मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातही भेटतात. अर्जातल्या ‘तुम्हाला इथे का यायचं आहे?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र बहुतेकांचं सारखंच असतं. वेबसाइट उघडायची, पहिल्या पानावरचे ‘ग्रामीण भारत’, ‘बदल’, ‘नेतृत्व’ हे शब्द उचलायचे आणि आपल्या वाक्यात बसवायचे. निवड करणाऱ्याला त्याचंच पान परत वाचायला मिळतं. त्यातून अर्जदाराविषयी काहीच कळत नाही.

माझं मत असं की संस्थेला खरोखर काय महत्त्वाचं वाटतं, ते पहिल्या पानावर क्वचितच सापडतं. ते पात्रतेच्या अटी, कालावधी, मानधन आणि नेमणुकीचे नियम यांत असतं. बोलायला खर्च येत नाही; नियम पाळायला येतो.

‘एसबीआय युथ फॉर इंडिया’ ही फेलोशिप उदाहरणादाखल घेऊ. ती २०११ मध्ये सुरू झाली. कालावधी १३ महिने, वयाची अट २१ ते ३२. दरमहा मानधन मिळतंच. शिवाय फेलोशिप पूर्ण करणाऱ्याला शेवटी एक वेगळी रक्कम मिळते. फेलो काम करतो ते एखाद्या भागीदार स्वयंसेवी संस्थेबरोबर, ती संस्था जिथे असेल त्या गावात.

आता हे नियम वाचून काय कळतं? १३ महिने म्हणजे पाऊस, पेरणी, काढणी असं पूर्ण वर्ष आणि वर थोडं. दोन महिन्यांत फोटो काढून परतणारा माणूस त्यांना नको आहे. शेवटची रक्कम पूर्ण करणाऱ्यालाच, म्हणजे मध्येच सोडून जाणं ही त्यांची खरी डोकेदुखी असावी. आणि भागीदार संस्था म्हणजे काम आधीच कुणीतरी उभं केलेलं आहे, तुम्हाला त्यात सामावून जायचं आहे. तेव्हा ‘मला मालवणातच पर्यटनाचा प्रकल्प उभारायचा आहे’ असं लिहिणाऱ्याने नेमणुकीचा परिच्छेद वाचलेलाच नाही, हे समोरच्याला लगेच कळतं.

समजा, आचऱ्याच्या बाजूच्या एका मुलाने पहिल्यांदा लिहिलं: ‘ग्रामीण भारतात सकारात्मक बदल घडवण्याची मला तळमळ आहे. माझ्यात नेतृत्वगुण आहेत.’ यातला एकही शब्द त्याचा नाही. खरं तर त्याने गावच्या रापण संघाचा हिशेब सांभाळला आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. मासळीचे पैसे वाट्याने वाटले जातात. मग तो असं लिहू शकतो:

‘मी दोन हंगाम रापणीच्या वाटणीची वही लिहिली. वाटणीची पद्धत जुनीच ठेवली. फक्त प्रत्येक ओढीनंतर आकडे सगळ्यांसमोर वाचून दाखवू लागलो. जुन्या रापणकरांना सुरुवातीला तो अविश्वास वाटला. दुसऱ्या हंगामात तेच वही मागू लागले.’

इथे चिकाटी, सहभाग, नेतृत्व यांतला एकही शब्द नाही. पण हा मुलगा टिकतो, दुसऱ्यांच्या व्यवस्थेत काम करतो आणि नाराजी सहन करतो, हे दिसतं. नियमांतून आपण काढलेल्या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. ‘मी १३ महिने नक्की टिकेन’ असं वचन दिलं असतं, तर ती पुन्हा नक्कलच झाली असती, फक्त वेगळ्या पानावरची.

हाच मुलगा मुख्यमंत्री फेलोशिपला अर्ज करणार असेल तर? तिथे वयोमर्यादा २१ ते २६ आहे, मराठी लिहिता-वाचता-बोलता येणं ही अट आहे आणि काम शासनाच्या कार्यालयात, अधिकाऱ्यांबरोबर. अनुभव तोच राहील, पण भर बदलेल. वहीतल्या नोंदी किती नेमक्या होत्या, वाद झाल्यावर त्या नोंदींनी काय ठरवलं, हे पुढे आणावं लागेल. दोन्ही अर्जांत तोच परिच्छेद चालतोय असं वाटलं, तर दोन्हीकडचे नियम पुन्हा वाचायला हवेत.

तपासायची एक सोपी युक्ती आहे. आपल्या उत्तरातून संस्थेचं नाव झाकायचं आणि तिथे दुसऱ्या फेलोशिपचं नाव घालायचं. वाक्य तसंच खपलं तर ते काढून टाकायचं.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. माहितीपत्रक जुनं असू शकतं, अटी आणि रकमा बदलतात. म्हणून चालू वर्षाची सूचनाच धरायची. एकाच नियमावरून मोठा निष्कर्षही काढू नये. दोन-तीन नियम एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच तो धरावा. आणि नियमांशी जुळावा म्हणून अनुभव रचू तर अजिबात नये. मुलाखतीत कुणी सहज विचारेल, ‘जाळ्याचा वाटा किती आणि माणसाचा किती?’ वही लिहिलेल्याला त्याचं उत्तर आठवावंही लागत नाही.