माईकसमोरच्याने होकार दिला. मागे उभी असलेली बाई कोणी विचारली?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमची चार पोरं मोबाईल आणि माईक घेऊन पोफळीला गेली. कोयनेचं पाणी इथल्या वीजगृहातून वीज करून पुढे वाशिष्ठीला मिळतं आणि जवळच्याच एका वाडीत बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, हे दाखवायचं होतं. विषय अगदी बरोबर होता. रस्त्याकडेला एका दादांची मुलाखत घेतली. दादा पाण्याच्या वाटपातल्या जातीबद्दल स्पष्ट बोलले. त्यांना विचारलं होतं, ते स्वखुशीने बोलले.

दादांच्या मागे हंडा घेऊन एक बाई उभ्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत. एका वाक्यावर फक्त मान हलवली. ती हललेली मान व्हिडिओत आली आणि व्हिडिओ तिसऱ्या दिवशी वरच्या वाडीत पोचला. ज्या घरी त्या धुणीभांडी करायच्या, तिथून निरोप आला, "उद्यापासून येऊ नको."

आमची पोरं माफी मागायला गेली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तू त्याला इचारलास. मला इचारलास काय रे पोरा?"

ही घटना त्यांना विचारून लिहितो आहे. वाडीचं नाव त्यांनी लिहू नको म्हटलं, म्हणून लिहीत नाही.

साथींनो, मी हे सांगितलं की लगेच तीन उत्तरं येतात. तिन्ही पोकळ आहेत.

पहिलं उत्तर, "रस्ता सार्वजनिक आहे." रस्ता सार्वजनिक आहे, रस्त्यावरचा माणूस नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि त्याची मुळं अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्कात दाखवली. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. गावात चेहरा म्हणजे नाव, वाडी, जात आणि रोजगार. मुंबईच्या गर्दीतला अनोळखी चेहरा वेगळा आणि पाचशे माणसांच्या गावातला चेहरा वेगळा.

दुसरं उत्तर, "आपला हेतू चांगला आहे." मग वाकडी आठवा. जून 2018 मध्ये जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावात विहिरीत पोहल्याबद्दल दलित मुलांना नग्न करून मारलं गेलं आणि त्याचा व्हिडिओ पसरला. तो अत्याचाराचाच भाग होता. मुलांची नग्न शरीरं जगाला दाखवणं हीच तर शिक्षा होती. मग आपण काय केलं? संतापाच्या भरात तोच व्हिडिओ, मुलांचे चेहरे न झाकता, या ग्रुपवरून त्या ग्रुपवर पाठवला. हेतू निषेधाचा, काम मात्र मारणाऱ्यांचंच पुढे नेलं. तो व्हिडिओ ट्विटरवर टाकल्याबद्दल राज्याच्या बाल हक्क संरक्षण आयोगाने राहुल गांधींना नोटीस काढली. त्यात राजकारण असेल, पण कायदा आहेच. बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 पीडित मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिथे हेतू चांगला होता म्हणून सूट नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात गंभीर आहे. "परवानगी मागत बसलो तर अत्याचार कोण दाखवणार?" इथे गल्लत होते. जुलै 2016 मध्ये उनाला मारणाऱ्यांनीच शूटिंग केलं होतं आणि त्याच चित्रणाने देश पेटला, हे मला मान्य आहे. मारहाण चालू असताना कॅमेरा चालूच ठेवा. पण चित्रण करणं ही एक गोष्ट आणि ते जगाला दाखवणं ही दुसरी. मूळ फाईल न कापता, न बदलता जपून ठेवा आणि पोलिसांना व वकिलाला द्या. ती पुरावा आहे. लोकांना दाखवायची प्रत वेगळी करा. तिच्यात मारणाऱ्याचा चेहरा राहू द्या, मार खाणाऱ्याचा झाका. सत्तेला उघडं करायचं आहे, पीडिताला नाही.

आता मुलाखतीचं बोलू. परवानगी म्हणजे वकिली कागद नव्हे. कॅमेरा सुरू करण्याआधी चार गोष्टी सांगायच्या: मी कोण, विषय काय, हे कुठे टाकणार आणि नको वाटलं तर कधीही थांबता येईल. मग कॅमेरा लावून त्यांच्याच तोंडून एवढं घ्यायचं, "हे यूट्यूबवर जाणार हे मला माहीत आहे, माझी हरकत नाही." हा तुकडा प्रसिद्ध करायचा नाही, सांभाळून ठेवायचा. सही न येणाऱ्या आजीचाही होकार असा नोंदवता येतो. मूल असेल तर आईबापाला विचारा, आणि मुलालाही. मुलाने नाही म्हटलं तर विषय संपला.

एक गोष्ट खरी सांगितलीच पाहिजे. "नंतर काढून टाकू" असं आपण सहज म्हणतो. आपल्या चॅनलवरून काढता येतं; व्हॉट्सॲपवर गेलेलं परत येत नाही. हे आधी सांगा आणि मगच होकार घ्या. टाकण्यापूर्वी कापलेला व्हिडिओ एकदा त्या माणसाला दाखवा. पोफळीत आम्ही दाखवला असता तर दादाच म्हणाले असते, "अरे, मागे वहिनी दिसतायत."

मागच्या माणसांसाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जागा. बोलणाऱ्याला भिंतीसमोर किंवा झाडाला पाठ करून बसवा. मागे रांग किंवा नळ असेल तर लोकांना ओरडून सांगा, "व्हिडिओ चालू आहे, ज्यांना यायचं नाही त्यांनी या बाजूला या," आणि दोन मिनिटं थांबा. विहारातल्या कार्यक्रमात दाराशी तशी पाटी लावा आणि बसायची एक बाजू कॅमेऱ्याबाहेर ठेवा. पाहुण्या वक्त्यालाही विचारा. भाषणाला होकार म्हणजे जेवताना काढलेल्या व्हिडिओला होकार नव्हे.

चेहरा धूसर केला म्हणजे झालं, असंही समजू नका. गावात आवाजावरून, साडीवरून, घराच्या दारावरून, गाडीच्या नंबरावरून माणूस ओळखतात. आणखी एक चूक वारंवार होते: व्हिडिओत चेहरा झाकलेला, पण बाहेरच्या थंबनेलवर तोच चेहरा स्वच्छ. धोका खरा असेल तर तोंड दाखवूच नका. त्यांचे शब्द लिहून घ्या आणि दुसऱ्याच्या आवाजात वाचा. टाकण्याआधी त्याच गावच्या एका विश्वासू माणसाला दाखवून विचारा, "कोण आहे ओळखतोस?" त्याने नाव सांगितलं की झाकणं फसलं.

यातून व्हिडिओ कमी होतील, हे मला माहीत आहे. काही वेळा सगळ्यात जळजळीत वाक्य सोडून द्यावं लागेल. पण 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो मुक्यांना वाचा देण्यासाठी. वाचा देणं म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर आपला मजकूर चिकटवणं नव्हे. कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा लिहिली आहे. ती व्यक्ती टँकरच्या रांगेत हंडा घेऊन मागे उभी असते, तेव्हाही व्यक्तीच असते.

त्या बाईंना दुसरं काम मिळायला दोन महिने लागले. आमच्या व्हिडिओला व्ह्यूज भरपूर मिळाले होते. तो आम्ही काढून टाकला.

जय भीम.