पॅनकार्ड गाडीत चालते, हॉटेलात नाही

नाशिकरोडहून वाराणसीला निघालेले एक चौकोनी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आई-बाबा, अकरावीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आजी. रात्री टीसी येतो, बाबा खिशातून पॅनकार्ड काढून दाखवतात, टीसी हातातल्या टॅबवर चौघांच्या नावांपुढे खुणा करून पुढच्या कूपेकडे वळतो. दुसऱ्या दिवशी वाराणसीतल्या हॉटेलच्या काउंटरवर बाबा तेच कार्ड पुढे सरकवतात आणि काउंटरवरचा मुलगा ते तितक्याच सहज परत सरकवतो. “सर, ये नहीं चलेगा. आधार दीजिए, सबका.”

बाबांचा पारा चढतो. सरकारी कार्ड, फोटो आहे, सही आहे, काल भारतीय रेल्वेला चालले, मग यांना का चालत नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पॅनकार्ड उलटून पाहिले की मिळते. त्यावर नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, फोटो आणि सही आहे. पत्ता मात्र नाही.

टीसीला पत्त्याशी काहीच कर्तव्य नसते. त्याला एवढेच बघायचे असते की, तक्त्यात ज्याचे नाव आहे तोच माणूस त्या बर्थवर बसला आहे ना. म्हणून रेल्वेची यादी चांगलीच ऐसपैस आहे. आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, पॅनकार्ड तर त्यात आहेतच. शिवाय मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजचे फोटो असलेले ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचे फोटोचे पासबुक, सरकारी खात्याने दिलेले क्रमांक असलेले ओळखपत्र, इतकेच काय, पालिका किंवा पंचायतीने दिलेले तसेच कार्डही चालते. डिसेंबर २०१२ पासून आरक्षित डब्यांतून जाणाऱ्यांना ओळखपत्र बंधनकारक आहे, पण एका तिकिटावरच्या सगळ्या प्रवाशांपैकी एकाने मूळ कार्ड दाखवले की पुरते. ते नसेल तर खिशातल्या ई-तिकिटाला काही अर्थ उरत नाही. प्रवासी विनातिकीट धरला जातो, भाडे आणि त्यावर दंड, दोन्ही भरावे लागतात.

‘मूळ’ या शब्दावर गाडीत बरेच वाद झडतात. झेरॉक्स चालत नाही. मोबाइलमधला कार्डाचा फोटोही नियमाने चालत नाही, एखाद्या टीसीने सोडून दिले तर तो त्याचा भलेपणा. डिजिलॉकर मात्र चालते. २०१८ साली रेल्वेने आधार आणि वाहन परवाना डिजिलॉकरमधून दाखवायला मान्यता दिली, पण त्यातही एक मेख आहे. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. एकात खुद्द सरकारी खात्याकडून थेट आलेली कागदपत्रे असतात, दुसऱ्यात आपण स्वतः स्कॅन करून चढवलेली. पहिल्या कप्प्यातलीच ग्राह्य. आपण चढवलेला परवाना कितीही स्वच्छ दिसत असला तरी तो शेवटी फोटोच.

आता हॉटेलचे. तिथला मुलगा टीसीपेक्षा कडक असतो, कारण त्याला उत्तर द्यायचे असते ते पोलीस ठाण्याला. उतरलेल्या वाटसरूंची नोंद मुसाफिरखान्याच्या मालकाकडून मागवण्याची सोय १८६७ च्या सराई कायद्यातही होती. आज बऱ्याच शहरांत पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी जमावबंदीच्याच कलमाखाली आदेश काढतात, म्हणजे पूर्वीचे १४४ आणि जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेतले १६३. नोंदवही ठेवा, ओळखपत्राची प्रत ठेवा, मागितली की दाखवा. नोंदवहीचे रकाने पाहिले की पोलिसांना काय हवे ते कळते: नाव, कायमचा पत्ता, कोठून आले, कोठे जाणार, येण्याचे कारण, गाडीचा क्रमांक, सही. उद्या काही निघाले तर या माणसाच्या दारापर्यंत पोहोचता आले पाहिजे, असा तो हिशेब. पॅनकार्ड त्या दारापर्यंत नेत नाही. म्हणून हॉटेलात साधारणपणे चारच कार्डे चालतात: आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र आणि वाहन परवाना. आणि तीही एकाची नव्हे, खोलीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची.

आपल्या कुटुंबाची इथे दुसऱ्यांदा अडचण होते. आजींचे आधार घरी कपाटात, कारण ‘गाडीत एकाचे चालते’ हे बाबांना पक्के ठाऊक होते. आईकडे दोन कार्डे आहेत. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि हॉटेलचे बुकिंग तिने केले तेव्हा मोबाइलमधल्या ॲपने माहेरचे नाव उचलले. मराठी घरांत हा घोळ घरटी एक तरी सापडेल. काउंटरवरचा मुलगा बुकिंगमधले नाव आणि आधारवरचे नाव ताडून पाहतो आणि पुन्हा मान हलवतो. यावर तोडगा एकच आणि तो घरीच करायचा असतो: जे कार्ड दाखवणार, त्यावरच्या अक्षरांबरहुकूम बुकिंग करायचे. एकट्याने रेल्वेने जाणाऱ्या बाईलाही हेच लागू आहे. आजींचे काम मात्र फोनवर निभावते, कारण थोरल्या काकांनी मागच्या दिवाळीत त्यांचे डिजिलॉकर उघडून ठेवलेले असते.

मग येतो झेरॉक्सचा प्रश्न, आणि बाबांचा खरा राग त्यावर आहे. आधारकार्डे काउंटरमागच्या मशीनवर जातात, त्यांच्या प्रती एका फुगलेल्या फाइलमध्ये. कोकणातल्या होमस्टेंमध्ये तर पोहोचण्याआधीच व्हॉट्सॲपवर फोटो मागवतात. त्या फोटोंचे पुढे काय होते?

हा प्रश्न एकदा खुद्द आधार प्राधिकरणाच्याच अंगाशी आला होता. मे २०२२ च्या अखेरीस प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढून सांगितले की, आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, दिलीच तर आकडे झाकलेली द्या. हॉटेले, चित्रपटगृहे अशा परवाना नसलेल्या खासगी संस्थांना आधारच्या प्रती घेण्याचा, ठेवण्याचा अधिकारच नाही. देशभर गलका झाला. तोवर हॉटेलांच्या फायलींत किती प्रती जाऊन पडल्या होत्या, याची गणती कोण करणार? दोनच दिवसांत केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतले. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल, हे कारण देऊन. नेहमीची काळजी घेऊन आधार वापरा, असा मोघम सल्ला तेवढा उरला. त्यात नेमका कोणता अर्थ चुकीचा होता, हे सामान्य प्रवाशाला उमगले असेल असे वाटत नाही.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करण्याची वाट बंद केली. म्हणजे हॉटेल ओळखपत्र मागू शकते, पण ‘आधारच हवे’ हा हट्ट टिकणारा नाही. पासपोर्ट किंवा परवाना पुढे केला तर तो नाकारायला कारण लागेल. रात्री अकराला थकलेल्या आजींना सोफ्यावर बसवून हा वाद घालण्यात मात्र शहाणपण नाही. म्हणून व्यवहारी लोक झाकलेले आधार जवळ ठेवतात. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येते. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे फुल्यांनी झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. नाव, फोटो, पत्ता जसाच्या तसा, म्हणजे नोंदवहीला हवे ते सगळे त्यात आहे. खरेखोटे बघायचे असेल तर कार्डावरचा क्यूआर कोड प्राधिकरणाच्या ॲपने वाचता येतो, पूर्ण क्रमांक लागतच नाही.

उतरवलेली ती फाइल कुलूपबंद असते आणि काउंटरवर नेमकी उघडत नाही. तिचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल. सुनीता, जन्म १९८४, तर SUNI1984. घरीच उघडून दोन-दोन छापील प्रती काढाव्यात आणि देताना प्रतीवर आडवे लिहावे: हॉटेलचे नाव, तारीख, ‘फक्त मुक्कामासाठी’. अक्षरे फोटोच्या किंवा पत्त्याच्या कडेवरून गेली की ती प्रत सिमकार्डासाठी किंवा कर्जासाठी वापरणे अवघड होते. काही काउंटरवर झाकलेल्या आकड्यांवरून हुज्जत होते. अशा वेळी परवाना काढावा.

पत्ता दिसतो म्हणून हॉटेल खूश होते, तसेच पत्ता दिसतो म्हणून बिथरतेही. नाशिकची मुलगी पुण्यात नोकरीला लागते, आधारवर पुण्याचा पत्ता घालून घेते, आणि आई-बाबा आले म्हणून पुण्यातच खोली घ्यायला गेली की ऐकते, ‘लोकल आयडी चालत नाही.’ स्वतःच्या शहरात खोली घेऊ नये असा कायदा देशात नाही. ती हॉटेलची स्वतःची अट असते आणि तिचा रोख बहुतेकदा अविवाहित जोडप्यांवर असतो. जानेवारी २०२५ मध्ये ओयोने तर मेरठमधल्या आपल्या हॉटेलांसाठी जोडप्यांकडून नात्याचा पुरावा मागण्याचे धोरण जाहीर केले. मधल्यामध्ये पहाटेची गाडी चुकलेला, घरी पाहुणे भरलेला किंवा घराला रंग लावायला काढलेला साधा माणूसही अडकतो. बुकिंगच्या पानावर तळाशी हॉटेलचे नियम असतात, त्यात ही ओळ असतेच. पैसे भरण्याआधी ती वाचली, किंवा सरळ फोन करून विचारले, तर आगाऊ भरलेली रक्कम बुडत नाही.

उन्हाळ्यात हेच कुटुंब आंबोली घाटाने गोव्याला स्वतःच्या गाडीने निघाले, तर रस्त्यावरच्या पोलिसाचा प्रश्न तिसराच असतो. त्याला आधी चालकाचा परवाना हवा, मग गाडीची कागदे: आरसी, विमा, पीयूसी. यांतले पहिले कागद लोक विसरत नाहीत, पीयूसी हमखास विसरतात. नव्या गाडीला पहिले वर्ष ती लागत नाही, त्यामुळे सवय लागत नाही आणि दुसऱ्या वर्षी तारीख कधी उलटून गेली ते कळत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून ही सगळी कागदे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधून दाखवता येतात आणि पोलिसाने ती मानायची असतात. पण घाटात रेंज नसते, त्यामुळे निघण्यापूर्वी ती फाइल फोनमध्ये उतरवून ठेवलेली बरी.

मेव्हण्याची गाडी मागून नेणाऱ्याचे तेवढ्याने भागत नाही. डिजिलॉकर आरसी देताना गाडीच्या मालकाचे नाव आणि खातेदाराचे नाव जुळवून बघते, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीची आरसी आपल्या डिजिलॉकरमध्ये येत नाही. तेव्हा चावी घेतानाच आरसीचे कार्ड मागून घ्यावे, आणि विम्याच्या पॉलिसीची छापील प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे ना, तेही त्याच्यासमोरच बघून घ्यावे.