‘नाही’ पडद्याबाहेर गेलं तेव्हा



तुमच्या फोनवर ‘ऑर्डर निघाली’, ‘ऑर्डर पोहोचली’ असे जे छोटे निरोप येतात, तसे निरोप बंगळुरूत बसून लिहिणं आणि तपासणं हे माझं काम. एका डिलिव्हरी ॲपच्या मराठी ग्राहकांसाठी मी ते करते. आज त्यातली माझीच एक चूक सांगते.

पुण्यातल्या माझ्या मावशीने ॲपवरून बीपीच्या गोळ्या मागवल्या होत्या. एका सोमवारी संध्याकाळी सातला तिला निरोप आला. मी लिहिलेलं पूर्ण वाक्य असं होतं: ‘तुम्ही मागवलेली औषधं आज रात्री ९ वाजेपर्यंत पोहोचू शकणार नाहीत.’ लॉक स्क्रीनवर एकच ओळ मावते. मावशीला दिसलं ते एवढंच: ‘तुम्ही मागवलेली औषधं आज रात्री ९ वाजेपर्यंत…’ तिने ते आश्वासन समजून साडेनऊपर्यंत वाट पाहिली. तोवर कोपऱ्यावरचं मेडिकल बंद झालं होतं.

वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. पण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही मागे. इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्यावर येऊन जातो, त्यामुळे शेपूट कापलं तरी अर्थ बहुधा वाचतो. आपल्याकडे शेपूट कापलं की अर्थ उलटतो.

त्यात मोजणीचा घोळ. ‘नाही’ ही आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, पण संगणक काना आणि वेलांटी वेगळी धरून चार मोजतो. जोडाक्षरातलं हलन्त आणि अनुस्वारसुद्धा वेगळे. माझं ते वाक्य पूर्णविरामासह ६३ भरत होतं. एका ओळीत साधारण चाळीसेक मावतात, फोन आणि फॉन्टप्रमाणे कमीजास्त.

आता आमच्या टीमचा नियम असा: मथळा ३० च्या आत, मजकूर ६० च्या आत आणि मुख्य बातमी मथळ्यातच. तोच निरोप मी असा केला:

मथळा: ऑर्डर आज येणार नाही
मजकूर: उद्या सकाळी १० पर्यंत मिळेल. तातडी असेल तर रद्द करा.

मथळा १९, मजकूर ५२. ‘औषधं’ मुद्दाम काढलं, कारण लॉक स्क्रीन शेजारी बसलेल्यालाही दिसते. ‘क्षमस्व’ही काढलं. माफी ॲप उघडल्यावर मागता येते. निरोपात आधी काय झालं, मग पुढे कधी आणि शेवटी ग्राहकाने काय करायचं, एवढंच हवं.

तरीही एक भोक राहिलंच होतं. ‘उद्या’ म्हणजे नेमकं कधी? फोन बंद असेल तर गूगलची निरोप पोहोचवणारी यंत्रणा तो सांभाळून ठेवते. आपण मुदत दिली नाही तर तब्बल चार आठवडे. समजा, मावशीचा फोन मंगळवारी दुपारी सुरू झाला असता, तर ‘ऑर्डर आज येणार नाही, उद्या मिळेल’ हे तिने बुधवारचं समजलं असतं, आणि पार्सल तर दाराशी पडलेलं!

म्हणून दोन बदल केले. ‘उद्या’च्या जागी ‘मंगळवारी’ घातलं. मजकूर ५५ झाला, तरी मर्यादेत. आणि डेव्हलपरला सांगून निरोपाची मुदत, म्हणजे `ttl`, मध्यरात्रीपर्यंतची ठेवली. सात वाजता निघालेल्या निरोपासाठी ती पाच तास, म्हणजे `18000s`. त्यानंतर शिळा निरोप पोहोचतच नाही. ताजी स्थिती ॲपमध्ये दिसते.

आता पाठवण्याआधी मी प्रत्येक निरोप पहिल्या चाळीस खुणांवर कापून वाचते. उरलेल्या तुकड्याचा अर्थ बदलला, तर वाक्य परत लिहायला घेते. आणि शक्य तेव्हा मावशीच्या जुन्या फोनवर मोठ्या अक्षरांत पाहते. तिथे ओळ आणखी लवकर संपते.

तुमच्यासाठीही एक गोष्ट. ऑफर्सच्या भडिमाराला कंटाळून बरेच जण ॲपचे सगळेच निरोप बंद करतात, आणि मग असा महत्त्वाचा निरोपही येत नाही. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, फोनच्या सेटिंग्जमध्ये एकाच ॲपच्या निरोपांचे प्रकार वेगवेगळे बंद करता येतात. ॲपने तसे प्रकार पाडले असतील, तर ‘ऑफर्स’ बंद करा आणि ‘ऑर्डर’ चालू ठेवा. आणि निरोपाच्या शेवटी तीन टिंबं दिसली, तर तो खाली ओढून पूर्ण वाचा. ‘नाही’ कदाचित तिथेच लपलेलं असेल.

मावशी आता माझा प्रत्येक निरोप ओढून वाचते. आणि चूक सापडली की लगेच फोन करते!