मनातले पडद्यावर आणताना

आपल्या वसतिगृहांतील मुले आता मोबाइलवर लघुपट करू लागली आहेत आणि कथेसाठी ती बहुधा आपल्या साहित्याकडेच वळतात. हे उचितच आहे. मात्र अशा लघुपटांत एक दोष वारंवार आढळतो. पात्र खिडकीशी उभे राहते आणि त्याच्या मनातले सारे विचार पाठीमागून आवाजात ऐकवले जातात. यातून कथेचे वाचन होते, पटकथा होत नाही, असे आमचे मत आहे. कथाकार ‘त्याला वाटले’ असे लिहू शकतो. कॅमेऱ्याला वाटणे दिसत नाही, त्याला केवळ करणे दिसते.

माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी केलेला ‘श्वास’ हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. कोकणातला एक आजोबा नातवाला शहरातल्या डॉक्टरांकडे आणतो. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग आहे; जीव वाचेल, पण शस्त्रक्रियेने दृष्टी जाईल. आजोबाच्या मनातले दुःख सांगायला पाने अपुरी पडावीत. चित्रपटात मात्र ते एका कृतीत उतरते. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा कुणालाही न सांगता नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसा होतो आणि त्याला शहर दाखवून आणतो. इकडे शोधाशोध होते, डॉक्टर संतापतात. ‘मुलाने जग एकदा डोळे भरून पाहावे’ हा विचार आधी घडतो, मग बोलला जातो. या कृतीला किंमत मोजावी लागते, म्हणूनच तिच्यातून मन दिसते. नुसते अश्रू दाखवले असते तर कोणत्याही आजोबाचे दुःख दिसले असते. याच आजोबाचे दिसले नसते.

हीच रीत आपल्या जिव्हाळ्याच्या एका कथेला लावून पाहू. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेत कामाला लागतो आणि जात लपवतो. सहकारी त्याचा सन्मान करतात. मात्र ज्याची जात ठाऊक आहे त्या काशिनाथच्या वाट्याला अपमान येतो. कथा प्रथमपुरुषी असल्याने भय, संताप आणि अपराधी भाव हे सारे ‘मी’च्या निवेदनात आहे. म्हणून पाठीमागच्या आवाजाचा मोह येथे सर्वांत मोठा.

पहिले काम पेन्सिलीचे. ‘वाटले, आठवले, उमगले’ अशी क्रियापदे अधोरेखित करावीत. मग प्रत्येकापाशी विचारावे: या क्षणी समोर कोण आहे, हाताशी काय आहे आणि हा भाव त्याला काय करायला लावील? समजा, आपण पाण्याच्या माठाचा प्रसंग रचला. तो मूळ कथेतला नव्हे, उदाहरणापुरता आमचा आहे. काशिनाथ माठाकडे येताच कुणीतरी झाकण दाबून धरतो. तोच माणूस हसून नायकापुढे भरलेला पेला करतो. नायक पेला घेतो. काशिनाथ पाहत आहे. नायक पाणी पितो, पण घोट घशाखाली उतरत नाही. उरलेले पाणी तो पाठ वळवून रुळांवर ओततो. भय पिण्यात आहे, लाज ओतण्यात आहे. एकही वाक्य बोलले गेले नाही.

पुढे दुसऱ्या प्रसंगात तोच पेला पुन्हा यावा. या वेळी नायकाने तो घ्यायला नकार दिला, तर त्याच्यात झालेला बदल प्रेक्षक स्वतःच ओळखतील. प्रतिमा अशी प्रसंगातल्या वस्तूतूनच उगवावी. अपमान होताच आकाशात पिंजऱ्यातला पक्षी दाखवणे म्हणजे विचाराला नुसते चित्र चिकटवणे होय.

पटकथा साधली की नाही, हे तपासण्याचा उपाय सोपा आहे. संवादांवर कागद ठेवून उरलेले वर्णन कथा न वाचलेल्या मित्राला वाचून दाखवावे. कोण कुणाला भितो आणि का, हे त्याला सांगता आले नाही, तर तो प्रसंग पुन्हा लिहावा.

या रीतीला मर्यादाही आहे. कथेच्या अखेरीस नायकाला मारहाण होते, काशिनाथ त्याला सोडवतो आणि आपल्याला खरे मारणारा मनू आहे, असे नायक म्हणतो. हा विचार आहे; त्याला चित्र शोधू गेल्यास तो लहान होईल. तो शब्दांतच राहावा. पण तोवर पात्रे कमी बोलली असतील, तरच त्या एका वाक्याला वजन येईल. आपल्या लेखकांनी भोगलेले जगणे पडद्यावर नेताना हे वजन राखणे, हीच पटकथाकाराची जबाबदारी आहे, असे आम्ही मानतो.